मलेनियाची पावणेदोन मिनिटं

सकाळी ६:३०. सोमवारी माझी सुट्टी, आणि या वेळेला घरात मिक्सर लागलेला नसतो. माइकच्या दृष्टीने दिवसातला हा सर्वांत स्वस्त तास. पंखा बंद, खिडकी बंद, कॉम्प्युटर चालू. आज ‘एल्डन रिंग’मधल्या मलेनियाची लढाई रेकॉर्ड करायची आहे. हा २०२२ सालचा खेळ, आणि त्यातली ही बाई इतकी बदनाम की तिच्यावर आधीच हजारो व्हिडिओ आहेत. माझं चॅनल अगदी छोटं. लोक माझ्यासाठी येत नाहीत, तिच्यासाठी येतात. त्यामुळे ती नीट दिसली पाहिजे, एवढी तरी जबाबदारी माझ्यावर येते.

ही नीट दिसण्याची गोष्ट रेकॉर्डिंगच्या आधीच ठरते. नंतर एडिटिंगमध्ये कितीही घासलं तरी जे फुटेजमध्ये आलंच नाही ते येत नाही.

मी ओबीएस स्टुडिओ वापरतो. त्यात पुष्कळ जण स्ट्रीमिंगचा बिटरेट तसाच रेकॉर्डिंगलाही ठेवतात: ठराविक, सेकंदाला ६ मेगाबिट. इंटरनेटच्या नळातून पाणी सोडायचं असेल तर नळाचं माप पाळावं लागतं, पण हार्ड डिस्कवर लिहिताना ते माप कशाला? मलेनिया नुसती उभी असते तेव्हा ६ मेगाबिट पुरतात. दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला ती उंच उडते, खाली येते आणि लाल फुलासारखा स्फोट होतो. त्या क्षणी पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलत असतो. एन्कोडरकडे तेवढेच ६ मेगाबिट असतात, मग तो पाकळ्यांचा चिखल करतो. म्हणजे चित्र बरोबर त्याच क्षणी फुटतं, ज्या क्षणासाठी आपण रेकॉर्ड करत होतो.

म्हणून रेट कंट्रोलमध्ये `CBR` काढून `CQP` निवडायचं आणि आकडा २० च्या आसपास ठेवायचा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. यात दर्जा स्थिर राहतो आणि बिटरेट गरजेप्रमाणे वरखाली होतो: शांत दृश्यात कमी, स्फोटात कितीतरी पट. १८ च्या खाली गेलो तर मला तरी फरक दिसत नाही, डिस्क मात्र भरते.

७:००. चाचणी. ही मेनूमध्ये उभं राहून करण्यात काही अर्थ नाही, कारण मेनू दाखवताना ग्राफिक्स कार्डाला घाम फुटत नाही. मी सरळ लढाईत शिरतो, दोन मिनिटं मार खातो आणि बाहेर येऊन ओबीएसची `Stats` खिडकी बघतो. तिथल्या दोन ओळी महत्त्वाच्या, आणि त्यांची औषधं वेगवेगळी. `Skipped frames due to encoding lag` वाढत असेल तर एन्कोडर मागे पडतोय, त्याचा प्रीसेट हलका करायचा. `Frames missed due to rendering lag` वाढत असेल तर एन्कोडरचा काही दोष नाही. खेळाने ग्राफिक्स कार्ड पूर्ण व्यापलंय आणि ओबीएसला आपलं चित्र जुळवायलाच जागा उरलेली नाही. तिथे प्रीसेटशी खेळून उपयोग शून्य. खेळातलं गवत आणि सावल्या एक पायरी खाली आणायच्या, ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करायचं, म्हणजे कार्डाकडे त्याला आधी नंबर मिळतो.

खेळताना हे कळत नाही, ही खरी अडचण. माझ्या पडद्यावर सगळं लोण्यासारखं आणि रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा फिरला की झटके. ‘एल्डन रिंग’ स्वतःच ६० फ्रेमच्या वर जात नाही, त्यामुळे ६० ला रेकॉर्ड केलं की दोघांचा ताल जुळतो. दुसऱ्या खेळांत ही मर्यादा आपण घालून घ्यावी. खेळातला आणि विंडोजमधला एचडीआर मात्र मी बंद ठेवतो. तो चालू राहिला आणि रेकॉर्डिंग साधं झालं, की रंग धुतल्यासारखे फिके येतात.

आवाज वेगळ्या ट्रॅकवर. पहिल्यावर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त खेळ, तिसऱ्यावर फक्त माझा माइक. मी शिवी हासडली आणि त्याच क्षणी तलवारीचा सुंदर खणखणाट झाला, तर एक काढून दुसरा ठेवता आला पाहिजे.

राहिला फाइलचा प्रकार. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना सर्वांत शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर तासाभराचं फुटेज डिस्कवर असतं आणि उघडत नाही. आमच्याकडे लाइट कधी जाईल याची खात्री महावितरणलाही नसावी. म्हणून आधी मी एमकेव्ही वापरायचो, आता हायब्रिड एमपी४ वापरतो. ओबीएसच्या २०२४ च्या ३०.२ आवृत्तीत तो आला. लाइट गेली तरी तोवरचं फुटेज वाचतं. शिवाय एक बटण दाबून रेकॉर्डिंगमध्ये खूण टाकता येते.

८:००. रेकॉर्डिंग. ती खूण टाकायचं बटण मी माउसच्या अंगठ्याशी ठेवलंय. काही घडलं की दाबायचं, घडून गेल्यावर. आधी दाबायला जमतच नाही, लढाईत दोन्ही हात गुंतलेले असतात. मेलो तरी दाबतो, मजेदार मेलो तर नक्की. ओबीएसमध्ये शेवटची काही मिनिटंच साठवणारा रीप्ले बफरही आहे, पण बॉसच्या लढाईला तो मला पुरत नाही. जिंकल्यावर लक्षात येतं की खरी गंमत याआधीच्या हरण्यात होती, आणि ती तोवर बफरमधून पुसून गेलेली असते.

१०:३०. अडीच तास झाले, ती पडली, हात थरथरतायत. सरासरी ४० मेगाबिट धरले तर तासाला १८ जीबी, म्हणजे ही फाइल ४५ जीबीच्या घरात. अंघोळ, नाश्ता. डोळे ताजे झाल्याशिवाय फुटेज उघडत नाही.

दुपारी १२:००. निवड. लॉसलेसकटमध्ये फाइल उघडली की टाकलेल्या खुणा तुकड्यांच्या यादीसारख्या समोर येतात. अडीच तास पुन्हा बघायची गरज नाही, प्रत्येक खुणेच्या मागचं एखादं मिनिट बघायचं. हवे ते मोठे तुकडे मी पुन्हा एन्कोड न करता जसेच्या तसे कापून घेतो. नेमकी वेळ माहीत असेल तर ही एक ओळही पुरते:

```
ffmpeg -ss 02:21:30 -i raw.mp4 -t 420 -map 0:v -map 0:a -c copy win.mp4
```

यातलं `-map 0:a` विसरलं तर ffmpeg एकच आवाजाचा ट्रॅक उचलतो आणि माइक वेगळा ठेवण्याचा सकाळचा उद्योग पाण्यात जातो. असा काप फ्रेमवर अचूक बसत नाही, हेही खरं. पूर्ण चित्र साठवलेली कीफ्रेम जिथे असेल तिथूनच तो सुरू होऊ शकतो. ओबीएसमध्ये कीफ्रेमचं अंतर २ सेकंद ठेवलं की चूकही तेवढीच राहते. ही ढोबळ कापणी असल्यामुळे पुढेमागे दहा सेकंद जास्तच ठेवावीत.

१:३०. जेवण, आणि त्यानंतर दिवसाचं खरं काम. हातात सात मिनिटांची जिंकलेली लढाई आहे. सात मिनिटं अनोळखी माणूस बघणार नाही. कुठलं ठेवायचं?

तलवारीचा शेवटचा वार हा सर्वोत्तम क्षण, असं वाटणं साहजिक आहे. पण नुसता वार दाखवला तर बघणाऱ्याला त्यात काही जिंकल्यासारखं वाटत नाही. मलेनियाचा वॉटरफाउल डान्स हा हल्ला घ्या. ती हवेत उडते, क्षणभर तिथेच लटकते, मग एकामागून एक वारांचे झोत येतात. ते चुकवणं म्हणजे काय, हे कळायला आधी ते लागलेले दिसले पाहिजेत. म्हणून सुरुवातीची १२ सेकंदं मी आधीच्या प्रयत्नातली घेतली: उडी, झोत, मी आडवा. मग कसलीही सजावट न करता सरळ काप, आणि जिंकलेल्या लढाईतला तोच हल्ला. पहिल्या झोतापासून लांब पळालो, दुसऱ्यात तिच्या खालून पुढे लोळलो. याची ३५ सेकंदं. पुढे लाल फुलाच्या स्फोटाची १८ आणि शेवटच्या झुंजीची ४०. एकूण १ मिनिट ४५ सेकंद.

कापताना हात शिवशिवतात ते रिकाम्या जागा काढायला. सावधपणे गोल फिरणं, औषधाचा घोट घेणं, यातलं बरंच खुशाल काढावं. पण ती हवेत लटकते तो क्षण एका फ्रेमनेही कमी करू नये. बघणाऱ्याचा श्वास तिथेच अडकतो, पुढचे वार म्हणजे त्या श्वासाचा निकाल. काप कधी करायचा याचा माझा एक साधा नियम आहे: हालचाल चालू असताना कापावं, लोळण सुरू झाली की. हालचाल संपून दोघं उभे असताना कापलं तर सांधा दिसतो.

४:००. कच्चा काप बहिणीला दाखवला. ती खेळत नाही, म्हणून तिचं मत मोलाचं.

“दादा, मारते ती तुला, आणि रक्त तिचंच कसं वाढतं?”

मलेनियाचा वार लागला की तिची तब्येत सुधारते, अगदी ढालीवर झेलला तरी. मला हे इतकं पाठ आहे की सांगायचं सुचलंच नव्हतं. एका ओळीचं शीर्षक टाकलं, दोन सेकंद, पहिल्या वाराच्या वर. बहिणीला पुन्हा दाखवलं. “मग ढाल कशाला घेतलीस?” असं तिने विचारलं, त्याला उत्तर नाही.

५:००. आवाज. माझ्या बोलण्याची टोकं उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवतो, खेळाचा आवाज त्याहून बराच खाली, आणि मी गप्प असतो तिथे तो थोडा वर आणतो. शेवटच्या वारानंतर मी ओरडलोय, तो आवाज फाटलाय का हे हेडफोनवर तपासायचं. माइकची पातळी सकाळीच कमी ठेवली नसेल तर फाटलेला आवाज आता शिवता येत नाही.

६:००. निर्यात. रेकॉर्डिंग १०८० चं आहे, पण फाइल मी १४४० ला मोठी करून काढतो. तपशील काही वाढत नाही. छोट्या चॅनलच्या १०८० च्या व्हिडिओला यूट्यूब सहसा जुन्या, कमी कार्यक्षम पद्धतीने दाबतं, १४४० ला मात्र चांगला कोडेक मिळतो, एवढाच हिशोब. ५० मेगाबिटने ही पावणेदोन मिनिटं साधारण ६५० एमबी होतात.

रात्री ८:००. अपलोड झाल्यावर व्हिडिओ लगेच जाहीर करत नाही. आधी हलकी प्रत तयार होते, मोठी मागून येते, आणि पहिले प्रेक्षक हलकीच बघून नावं ठेवतात. खासगी ठेवून थांबायचं. मग व्हिडिओवर राइट क्लिक, `Stats for nerds`, कोडेकच्या ओळीत `vp09` आलं का बघायचं. `avc1` असेल तर अजून थांबायचं.

९:३०. `vp09` आलं. फोनवर एकदा बघितलं, कारण बहुतेक जण तिथेच बघणार. लाल पाकळ्या पाकळ्याच दिसतायत. व्हिडिओ जाहीर केला. कापलेले मोठे तुकडे बाहेरच्या डिस्कवर टाकले आणि ४५ जीबीची मूळ फाइल उडवली. पुढच्या सोमवारच्या रेकॉर्डिंगला तीच जागा लागणार आहे.