सर्दीत रात्रीची झोप

आडवे पडले की नाकातला शेंबूड घशात उतरतो आणि खोकल्याची उबळ येते. उशीवर उशी रचली तर नुसती मान वाकते. म्हणून आम्ही गादीखाली दोन-तीन सोलापुरी चादरींच्या घड्या पाठीपासून डोक्यापर्यंत उताराने घालतो. वर्षाखालच्या बाळाला मात्र सपाट, पाठीवरच झोपवावे.

वाफेने घटकाभर बरे वाटते, सर्दी लवकर जात नाही. एका खोलीच्या घरात उकळते पातेले कलंडून लेकरू भाजते. लेकरांना वाफ देऊ नये. मेडिकलमधले सलाईनचे थेंब नाकात घालावेत.

आमच्या वस्तीतल्या एका विडी कामगार ताईंनी नाक मोकळे करणारे औषधी थेंब पंधरा दिवस घातले. शिंका, पाणी थांबले, तरी नाक चोंदलेलेच. औषध उतरले की आतली सूज उलट वाढते, माणूस पुन्हा थेंब घालतो. असे थेंब तीन ते पाच दिवसांपुढे घालू नयेत. ताईंनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी एका नाकपुडीत, मग दुसऱ्या नाकपुडीत थेंब बंद केले.

खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते. धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी जावे.