शुभारंभाचा प्रयोग : सांगावं किती, राखावं किती

व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत कलाकारांचे चेहरे असतात, निर्मात्या संस्थेचं नाव असतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं. प्रेक्षक त्या नटासाठी येतात, गोष्ट नंतर कळली तरी चालते. एखाद्या प्रायोगिक किंवा हौशी गटाला ही सोय नसते. लेखक नवा, नट नोकरी सांभाळून तालमी करणारे, नाट्यगृह शंभर-दीडशे खुर्च्यांचं. अशा गटाच्या पहिल्या प्रयोगाला अनोळखी माणूस आला, तर तो जाहिरातीतल्या चार-पाच ओळी वाचूनच आलेला असतो. त्यामुळे त्या ओळी तालमीइतक्याच मन लावून लिहायला हव्यात. प्रत्यक्षात त्या बहुतेकदा आदल्या आठवड्यात, रंगीत तालमीच्या धावपळीत, ज्याच्या हाती फोन आहे तो लिहून मोकळा होतो.

या ओळींत सर्वांत अवघड भाग कथानकाचा. एक नाटक घेऊन पाहू. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली नवं होतं आणि ते 'रंगायन' या प्रायोगिक संस्थेनं राज्य नाट्यस्पर्धेत केलं होतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. आज हे नाटक सगळ्यांना माहीत आहे, पण ते कुणीच पाहिलेलं नाही आणि त्याच्या शुभारंभाची जाहिरात आपल्याला लिहायची आहे, असं धरून चालू.

पहिल्या झटक्यात बहुतेक जण लिहितील की समाजाच्या दुटप्पीपणावर प्रखर प्रकाश टाकणारं, स्त्रीच्या वेदनेला वाचा फोडणारं, अंतर्मुख करणारं नाटक. यात खोटं काही नाही. पण हीच वाक्यं त्याच आठवड्यातल्या आणखी दहा नाटकांना जशीच्या तशी लावता येतील. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकही माणूस उभा राहत नाही. नाटकाचा आशय सांगितला, नाटक मात्र सांगायचं राहिलं.

दुसरी चूक याच्या उलट. गोष्ट सांगायला बसलं की थांबवत नाही आणि बेणारेवरचा आरोप, त्यामागचं तिचं खरं आयुष्य, सारं चार ओळींत उघडं पडतं. या नाटकात तर हे फार महागात पडेल. पहिला अंक संपता संपता आरोप उच्चारला जातो, तेव्हा बेणारेइतकाच प्रेक्षकही बेसावध असायला हवा. तो आरोप माहीत असलेला प्रेक्षक पहिल्या अंकातली थट्टामस्करी निवांतपणे ऐकूच शकणार नाही.

मग थांबायचं कुठे? माझं मत असं की माणसं कोण, ती कुठे अडकली आहेत आणि त्यांनी काय सुरू केलं, इथपर्यंत सांगावं. त्यातून काय निघालं ते राखून ठेवावं. 'शांतता'साठी मी असं लिहीन : "मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आली आहे. कार्यक्रम रात्रीचा आहे आणि वेळ जाता जात नाही. एक साक्षीदार आलेला नाही, त्याच्या जागी गावातला एक साधा माणूस घेतला आहे आणि त्याला खटला म्हणजे काय हे समजावून द्यायचं आहे. म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला उभा करायचं ठरतं. आरोपी? आपल्यातलीच एक, शाळेत शिकवणारी मिस बेणारे." बस, इथे थांबायचं. 'खोटा खटला' आणि 'आपल्यातलीच एक' एवढ्या शब्दांनी वाचणाऱ्याच्या मनात शंका येते, आणि त्या शंकेपायीच तो नाट्यगृहात येतो. मंडळींचा त्या रात्रीचा ठरलेला खटला अण्वस्त्रांवरून अमेरिकेच्या अध्यक्षांवर आहे. हा तपशील मोठा गमतीचा आहे, पण जाहिरातीत तो लक्ष दुसरीकडे नेतो, म्हणून मी तो गाळला.

लिहून झालं की एक सोपी परीक्षा घ्यावी. ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा माणसाला त्या ओळी वाचून दाखवाव्यात. त्यानं "पुढे काय होतं?" असं विचारलं तर जमलं. "छान विषय आहे" म्हणाला तर पुन्हा लिहायला घ्यावं.

आता तिकिटांचा तपशील. जाहिरातीच्या आधी एक कागद हातात हवा, तो म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात नव्या नाटकाची संहिता या मंडळाकडे आधी द्यावी लागते आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरच प्रयोग होतो. काही छोटे गट आधी नाट्यगृहाची तारीख घेतात, जाहिरात करतात आणि मग मंडळाच्या उत्तराची वाट पाहत बसतात. तारीख पुढे ढकलावी लागली, तर पहिल्या जाहिरातीनं जोडलेले प्रेक्षक दुसऱ्या जाहिरातीला येतीलच असं नाही. त्यामुळे प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी हाती आल्यावरच तारीख छापावी.

दराचं गणित छोट्या नाट्यगृहात कोवळं असतं. समजा १२० खुर्च्या आहेत आणि तिकीट ३०० रुपये. सगळं घर भरलं तर ३६,००० रुपये येतात. पण पहिल्या प्रयोगाला नटांचे घरचे, मित्र, ज्येष्ठ रंगकर्मी अशा ४० जणांना मानाच्या प्रवेशिका गेल्या की उरतात ८० खुर्च्या, म्हणजे २४,००० रुपये. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, प्रकाशयोजनेची सामग्री, नेपथ्याची वाहतूक आणि चहा-नाश्ता. म्हणून प्रवेशिका किती द्यायच्या हे आधी ठरवून त्या खुर्च्या प्लॅनवर खूण करून बाजूला ठेवाव्यात, आणि विक्रीला किती आहेत तेवढ्याच उघड्या कराव्यात. नाहीतर तिसऱ्या घंटेला दारात तिकीट काढलेला माणूस उभा आणि आत त्याच्या खुर्चीवर पाहुणा, असा प्रसंग येतो. दर ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. त्यापुढे गेलं की कर लागतो. छोट्या गटानं ५००च्या आतच राहिलेलं बरं.

बाकी जाहिरातीत वाराबरोबर तारीख, वेळ, नाट्यगृहाचं पूर्ण नाव आणि जवळची ओळखीची खूण हवी. नुसतं "रविवारी संध्याकाळी" लिहिलेली जाहिरात पुढच्या आठवड्यातही फोनवर फिरत राहते आणि माणसं चुकीच्या रविवारी बंद दारापाशी येऊन उभी राहतात. तिकिटं कुठे आणि कधीपासून मिळतील, फोनवर नोंदवलेली जागा कितीपर्यंत राखली जाईल, नाटक किती वेळाचं आहे, मध्यंतर आहे का, हेही सांगावं. मध्यंतर नसेल तर ते आवर्जून लिहावं. वयस्कर प्रेक्षकांना आणि लांबून शेवटची लोकल गाठणाऱ्यांना या एका ओळीचा फार उपयोग होतो. लहान मुलांसाठी नाटक नसेल तर तसंही स्पष्ट लिहावं. दारात आईवडिलांना परत पाठवणं कुणालाच सुखाचं नसतं.

श्रेयनामावलीत लेखक-दिग्दर्शकांबरोबर नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा आणि रंगमंच व्यवस्था सांभाळणाऱ्यांची नावं असू द्या. छोट्या गटात या माणसांना मानधन क्वचितच मिळतं.

आणि वाचकहो, अशी जाहिरात तुमच्यापर्यंत आली, त्या चार ओळींनी तुमच्या मनात प्रश्न उभा केला, तर ओळखीच्या नटाकडे पास मागू नका. तिकीट काढा, आणि शक्यतो पहिल्याच प्रयोगाचं काढा. दुसऱ्या प्रयोगासाठी नाट्यगृह घ्यायचं की नाही, हे गट त्या रात्रीच्या विक्रीवरून ठरवतो.