एकाच ग्राहकाचा पगार

समजा, पुण्यातल्या एका अनुवादिकेला महिन्याला ६०,००० रुपये मिळतात आणि त्यातले ४५,००० एकाच एजन्सीकडून येतात. म्हणजे ७५ टक्के. हा हिशेब एका महिन्यावरून करू नये. बँकेच्या वर्षभराच्या नोंदींवरून ग्राहकवार बेरीज काढावी.

मोठं काम सोडणं हा उपाय नव्हे. त्या एजन्सीचे तास आहेत तिथेच थांबवायचे, वाढीव काम नाकारायचं आणि मोकळा वेळ नव्या ग्राहकांसाठी राखायचा. महिन्याला १५,००० चं नवं काम मिळालं की एकूण ७५,००० होतात आणि एजन्सीचा वाटा ६० टक्क्यांवर येतो. नव्यांचं काम ३०,००० वर गेलं की तो निम्मा. याला सहज वर्ष लागतं, कारण नवा ग्राहक आधी छोटं काम देऊन पारखतो.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. नवी एजन्सीही त्याच मूळ कंपनीचं काम देत असेल, तर नावं दोन असली तरी धोका एकच राहतो. म्हणून काम अखेर कोणासाठी आहे, हे पहिल्याच बोलण्यात विचारावं. तोवर एजन्सीच्या प्रत्येक बिलातला काही भाग वेगळ्या खात्यात टाकावा. निदान तीन महिन्यांचा घरखर्च तिथे हवाच.