आधी गिऱ्हाईक, मग गोदाम

१९९९ सालची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मॉलमध्ये निक स्विनमर्न नावाचा तरुण एअरवॉक कंपनीचे बूट शोधत फिरत होता. एका दुकानात रंग मिळाला, तर माप नव्हतं. दुसरीकडे माप होतं, तर रंग वेगळा. हात हलवत घरी परतताना त्याच्या डोक्यात आलं की, इंटरनेटवर बुटांचं असं दुकान काढावं जिथे सगळे रंग आणि सगळी मापं मिळतील.

कल्पना सुचली तरी प्रश्न मोठा होता. बूट ही पायात घालून, चार पावलं चालून घ्यायची वस्तू. ती कुणी नुसतं चित्र पाहून विकत घेईल का? जाणकारांना विचारलं असतं तर बहुतेकांनी नाही म्हटलं असतं, आणि ग्राहकांना विचारलं असतं तर भिडेखातर कितीतरी जणांनी हो म्हटलं असतं. दोन्ही उत्तरांवर पैसा लावण्यात अर्थ नव्हता.

स्विनमर्नने निराळा मार्ग धरला. त्याने जवळच्या बुटांच्या दुकानदाराला विचारून दुकानातल्या जोड्यांचे फोटो काढले आणि साध्याशा वेबसाइटवर किमतीसह लावले. मागणी आली की त्या दुकानात जायचं, पूर्ण किंमत मोजून तो जोड विकत घ्यायचा आणि ग्राहकाला टपालाने पाठवून द्यायचा. एकही जोड साठवायचा नाही, गोदाम घ्यायचं नाही. या पद्धतीत प्रत्येक विक्रीमागे पैसे सुटण्याऐवजी जातच होते. पण त्या बदल्यात एक गोष्ट पक्की कळत होती: अनोळखी माणूस न घालून पाहिलेल्या बुटासाठी पैसे मोजतो की नाही. माणसं मोजत होती. या दुकानाचं नाव पुढे झॅपोस झालं आणि २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेतलं. व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशी त्याची किंमत सुमारे १२० कोटी डॉलर होती.

त्याच वर्षी आणि त्याच परिसरात दुसरी एक कंपनी अगदी उलट्या क्रमाने कामाला लागली होती. तिचं नाव वेबव्हॅन. संस्थापक लुइस बॉर्डर्स हे अमेरिकेतल्या ‘बॉर्डर्स’ या पुस्तकांच्या मोठ्या दुकानसाखळीच्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे दुकानदारी चांगली जाणणारे गृहस्थ. किराणा आणि भाजी इंटरनेटवर मागवायची आणि ग्राहकाने निवडलेल्या अर्ध्या तासात ती दारात पोहोचवायची, ही त्यांची कल्पना. त्यासाठी ओकलंडमध्ये ३ लाख ३० हजार चौरस फुटांचं स्वयंचलित गोदाम उभं राहिलं. मैलोगणती सरकपट्टे आणि दिवसाला ८ हजार ऑर्डरी काढायची तयारी. पहिल्या गोदामाचं गणित जमतं की नाही हे दिसायच्या आत कंपनीने बेक्टेल या बांधकाम कंपनीशी आणखी गोदामांसाठी सुमारे १०० कोटी डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये वेबव्हॅनचं दिवाळं निघालं आणि जवळपास २ हजार माणसांची नोकरी गेली.

घरपोच किराणा ही कल्पना चुकीची नव्हती; आज आपल्या शहरांत तोच धंदा रोज डोळ्यांसमोर चालतो. वेबव्हॅनची चूक क्रमात होती. एका घरी एक पिशवी पोहोचवायला नेमका किती खर्च येतो आणि तेच घर पुढच्या आठवड्यात पुन्हा मागवतं का, या दोन प्रश्नांची उत्तरं एक भाड्याची गाडी आणि शेजारचं किराणा दुकान घेऊनही मिळाली असती. ती मिळायच्या आधीच गोदामं उभी राहिली, आणि एकदा बांधलेलं गोदाम कमी ऑर्डरी आल्या म्हणून लहान करता येत नाही.

स्विनमर्नने जे केलं त्याला धंद्याच्या भाषेत ‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’ किंवा थोडक्यात एमव्हीपी म्हणतात. हा शब्दप्रयोग फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये आणला आणि एरिक रीस यांच्या २०११ मधल्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने तो जगभर पोहोचवला. रीस यांनी त्याची किंमत स्वतः मोजली होती. त्यांच्या कंपनीने कित्येक महिने खपून एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि बाजारात आणल्यावर कळलं की, ते वापरायची लोकांची इच्छाच नाही. कमीत कमी खर्चात आणि कमीत कमी वेळात, खऱ्या ग्राहकाच्या खऱ्या वागण्यातून एखाद्या गृहीतकाची परीक्षा घेता येईल असं काहीतरी बाजारात ठेवणं, एवढाच एमव्हीपीचा अर्थ. पुष्कळ जण अर्धवट किंवा निकृष्ट माल आधी विकून बघणं असा त्याचा अर्थ लावतात, तो चूक आहे. झॅपोसच्या पहिल्या ग्राहकाला मिळालेला बूट दुकानातल्याइतकाच चांगला होता. कमी होतं ते पडद्यामागचं.

हे आपल्याकडच्या एखाद्या धंद्यात कसं बसतं? समजा, कोथरूडमधल्या एका बाईंच्या मनात आहे की, नोकरदार घरांना संध्याकाळी गरम ज्वारीची भाकरी घरपोच द्यावी. त्यांच्या हातची भाकरी सगळ्या नात्यात नावाजलेली. पूर्ण बेत असा: गाळा भाड्याने घ्यायचा, भाकरीचं यंत्र आणायचं, दोन मुलं दुचाकीवर ठेवायची, मोबाइल अ‍ॅप करून घ्यायचं. खर्च दहा-बारा लाखांच्या घरात. कर्ज काढायच्या आधी त्यांनी हा बेत कोणकोणत्या गृहीतकांवर उभा आहे ते लिहून काढायला हवं. भाकरी चांगली होईल याबद्दल शंका नाही, म्हणून त्याची परीक्षा नको. यंत्र बाजारात मिळतं, त्याचीही नको. सगळ्यात नाजूक गृहीतक हे की, चार भाकऱ्यांना रोज ८० रुपये देणारी घरं सापडतील आणि नव्याची नवलाई ओसरल्यावरही टिकतील. परीक्षा फक्त याचीच घ्यायची.

त्यासाठी एक मोठी सोसायटी पुरते. घरच्या ओट्यावरून खाद्यपदार्थ विकायचे असले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती आधी करून घ्यायची. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सूचना टाकायची. त्यात किंमत स्पष्ट लिहिलेली हवी आणि सहा संध्याकाळचे ४८० रुपये आगाऊ मागितलेले हवेत. ‘छान कल्पना आहे’ असं लिहिणाऱ्यांना धरायचं नाही, ज्यांनी पैसे पाठवले तेवढ्यांनाच मोजायचं. सवलत द्यायची नाही, कारण ५० रुपयांना घेणारं घर ८० रुपयांच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. नातेवाइकांची ऑर्डर घ्यायची, पण हिशोबात धरायची नाही.

हिशोब प्रामाणिक हवा, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. चार भाकऱ्यांचं पीठ, गॅस आणि वेष्टन मिळून ३५ रुपये धरू. बाई स्वतः भाकऱ्या थापतील आणि मुलगा त्या पोहोचवेल. तरीही मदतनिसाचे संध्याकाळचे ३०० आणि पोहोचवणाऱ्याचे २०० रुपये खर्चात धरायलाच हवेत, कारण धंदा वाढला की ते द्यावे लागणार आहेत. म्हणजे घरं कितीही असोत, संध्याकाळचा ठरीव खर्च ५०० रुपये. एका घरामागे ४५ रुपये उरतात, तेव्हा खर्च भरून निघायला निदान १२ घरं लागतात. बाईंनी वहीत आधीच लिहून ठेवलं: तिसऱ्या आठवड्यात १५ घरं राहिली तर पुढे जायचं, नाही तर थांबून विचार करायचा.

पहिल्या आठवड्यात २४ घरांनी पैसे भरले. दुसऱ्यात १७ उरली, तिसऱ्यात ९. तीन आठवड्यांची जमा २४ हजार रुपये आणि खर्च १९ हजार ५००. हातात साडेचार हजारांचा नफा. नफा झालाय म्हटल्यावर गाळा बघायला निघावं, असं कुणालाही वाटेल. पण आठवडे सुटे करून पाहिले की चित्र पालटतं. पहिल्या आठवड्यात ३ हजार ४८० रुपये सुटले होते, तिसऱ्यात ५७० रुपये तोटा झाला. एकूण बेरजेने घसरण झाकली. १५ चा आकडा आधी लिहिलेला नसता, तर ‘९ घरं म्हणजे काही कमी नाहीत, अ‍ॅप आलं की वाढतील’ अशी समजूत घालून घेणं फार सोपं होतं. आकडा आधी लिहायचा तो याचसाठी, नंतर मन कुठल्याही आकड्याशी तडजोड करतं.

चाचणी इथे संपत नाही. सोडून गेलेल्या १५ घरांना फोन करून शेवटच्या दिवशी काय झालं होतं ते विचारायला हवं. ‘आवडली का?’ विचारलं तर गोडच उत्तर येईल. ‘त्या दिवशी भाकरीऐवजी काय खाल्लंत?’ विचारलं तर खरं कळेल. समजा, कळलं ते असं: घरी पोहोचायची वेळ रोज बदलते, भाकरी सात वाजता येऊन गार होते, मग पोळीवाल्या मावशींची पोळीच बरी पडते. आणि टिकलेल्या ९ घरांपैकी ७ घरांत फक्त म्हातारं जोडपं राहतं. हाताने थापणं होत नाही, जेवणाची वेळ मात्र ठरलेली. बाईंनी डोळ्यांसमोर ठेवलेला ग्राहक गेला आणि न धरलेला राहिला. ही माहिती दहा लाखांचा गाळा घेऊनही याहून लवकर मिळाली नसती.

अशा चाचणीने सगळंच कळतं असं नाही. २४ घरांना गरम भाकरी देता येते म्हणून ६०० घरांना देता येईल हे त्यातून सिद्ध होत नाही. झॅपोसलाही हे भोवलं. बूट विकले जातात हे कळल्यावर ती कंपनी बरीच वर्षं काही माल उत्पादकांकडून परस्पर ग्राहकाला पाठवत राहिली. साठ्याची माहिती वेळेवर मिळत नसे, नसलेला माल विकला जाई, ग्राहक नाराज होत. शेवटी २००३ मध्ये तिने ती पद्धत बंद केली आणि सगळा माल स्वतःच्या गोदामातून द्यायला सुरुवात केली. गोदाम लागलंच, पण कोणते बूट किती खपतात हे माहीत झाल्यावर. औषध, वैद्यकीय उपकरण, विजेची वस्तू यांत तर अपुरी वस्तू लोकांच्या हाती देऊन बघण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे मागणी अजमावता येते, सुरक्षितता नाही.

कोथरूडच्या बाईंची दुसरी चाचणी यापेक्षाही लहान असेल. दोन सोसायट्या, फक्त ज्येष्ठांची घरं, दुपारी साडेबाराची वेळ, दोनच भाकऱ्या आणि एक पातळ भाजी, महिन्याचे पैसे आगाऊ. ठरीव खर्च पुन्हा मांडायचा, कारण आता भाजी आली आणि चालत पोहोचवता येईल इतकं अंतर राहिलं. वहीत नवा आकडा लिहायचा आणि त्याखाली तारीख टाकायची.