शिवराईची इंग्रजी पाटी

संग्रहालयात या नाण्याची मराठी पाटी एवढीच असते : ‘शिवराई. तांबे. एका बाजूस श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूस छत्रपति.’ इंग्रजीत नेताना पहिला मोह होतो तो ‘कॉइन ऑफ शिवाजी’ लिहिण्याचा. हे शब्द आटोपशीर आहेत, पण अनेक नाण्यांबाबत चुकीचे. १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडलेला नाण्यावरचा हा मजकूर पेशवाईतल्या टांकसाळींनीही चालू ठेवला. त्यामुळे नाण्यावर महाराजांचे नाव असले, तरी ते त्यांच्या हयातीत पाडलेले असेलच असे नाही. ‘इन द नेम ऑफ शिवाजी’ लिहिल्याने दोन शब्द वाढतात, पण विधान खरे राहते. प्रकार ठरलेला नसेल, तर काळही ‘१७वे ते १९वे शतक’ असा रुंदच ठेवावा.

‘छत्रपति’ला ‘एम्परर’ करू नये. त्याने रोम आणि दिल्ली डोळ्यांपुढे येतात, रायगड येत नाही. शब्द तसाच ठेवून अर्थ दालनाच्या मोठ्या फलकावर द्यावा. ठसा चकतीहून मोठा असल्याने अक्षरे अनेकदा कापली जातात. दिसतात तेवढीच लिहावीत, उरलेली चौकोनी कंसात.