'डेझी बेल' : मागणीच्या एका गीताची रचना

विवाहाची मागणी घालणाऱ्या गीतात नुसती प्रेमाची ग्वाही असून भागत नाही. हे गीत माझ्याचसाठी रचले आहे, अशी ऐकणारीची खात्री पटावी लागते. ती कशी पटविता येते, हे हॅरी डॅकर या इंग्रज गीतकाराच्या १८९२ सालच्या 'डेझी बेल' या गीतात चांगले पाहावयास मिळते.

या गीताच्या जन्माची एक कथा सांगतात. डॅकर सायकल घेऊन अमेरिकेस गेला, तेव्हा तिच्यावर जकात पडली. दोघांनी चालवावयाची सायकल आणली असतीस तर दुप्पट भरावी लागली असती, असे एक मित्र थट्टेने म्हणाला. ती सायकल डॅकरच्या मनात बसली.

गीतास तीन कडवी व एक ध्रुपद आहे. डेझी हे एका फुलाचे नाव. विलायतेत त्याच्या पाकळ्या एकेक खुडून प्रीतीचा कौल घेण्याची रीत आहे. म्हणून पहिल्या कडव्यात प्रियकराच्या हृदयात फूल रुजते व तो त्या कौलाची चिंता करितो. ध्रुपदात तो उत्तर मागतो आणि आपली गरिबीही कबूल करितो : थाटाचे लग्न होणार नाही, घोडागाडी परवडत नाही, परंतु दोघांच्या सायकलीवर तू शोभशील. दुसऱ्या कडव्यात रात्रीचा रस्ता येतो. इंग्लंडात १८८८ च्या कायद्याने रात्री सायकलीस दिवा लावणे सक्तीचे झाले होते. प्रियकर म्हणतो, डेझीच्या डोळ्यांच्या तेजापुढे दिव्याची व पोलिसाची पर्वा कोणास?

तिसऱ्या कडव्यात आडनाव कामास येते. 'बेल' म्हणजे घंटा. तीच त्याच्या सायकलीची घंटा होणार! मराठीत मात्र 'बेल' म्हणताच त्रिदळ आठवते, म्हणून हा श्लेष भाषांतरात टिकत नाही. नायिकेचे नाव बदलून पाहिले तरी हेच होते : फूल व घंटा दोन्ही निरर्थक ठरतात. तपशील खरोखर गुंफलेला आहे की वरून चिकटविलेला, हे ओळखण्याची कसोटी हीच.

आणि शेवटी कलाटणी. इतका वेळ डेझी ही फूल, दिवा, घंटा, म्हणजे त्याच्या जीवनाची शोभा होती. आता तो म्हणतो, प्रवासात पुढे तू राहा. मी चुकलो तर ब्रेक लावण्याची तुला मुभा आहे. ही कलाटणी बाहेरून आणलेली नाही. सायकल ध्रुपदापासून समोर आहेच. तिचा ब्रेक तेवढा शेवटपर्यंत राखून ठेविला होता. अकस्मात वारसा मिळून गाडी आली असती, तर ऐकणारास ती फसवणूक वाटली असती.

डेझीचे उत्तर मात्र या गीतात नाही. पुढे लोकांनी विनोदाने ते जोडले : गाडी परवडत नसेल, तर लग्नही नको! मागणी कितीही सुरेख गुंफली तरी ती मागणीच राहते. होकार कवीच्या हाती नसतो.