लघवीची नळी आज काढायची का?

खुब्याच्या ऑपरेशनसाठी सत्तरीतल्या आजींना कॅथेटर घातलं. तिसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून चालू लागल्या, तरी पिशवी सोबत आहेच. ‘असू दे, सोय होते,’ असं नातेवाईकही म्हणतात. ही सोय महागात पडते. नळी राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. जंतू नळीवर चिकट थर धरतात. त्यात अँटिबायोटिक नीट पोचत नाही.

पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एक्स-रेला नेताना ती सर्रास पोटावर ठेवतात आणि साठलेली लघवी उलटी आत जाते. नळी-पिशवीचा जोडही उगाच उघडू नये.

लघवी अडलेली नसेल, तासातासाला मोजायची नसेल, तर ऑपरेशननंतर शक्यतो २४ तासांत नळी काढावी. आजींची सकाळी काढली, तर चार-सहा तास वाट पाहायची. लघवी झाली नाही, तर आधी स्कॅन करून मूत्राशयात किती साठलंय ते बघतात. लगेच दुसरी नळी नाही. नुसत्या गढूळ लघवीवर अँटिबायोटिकही नाही. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं असेल तरच तपासणी.